कडपा भिजल्या, पुंजणे भिजले : पीक विम्याच्या दाव्यासोबतचे पत्र कसे लिहावे

दिवाळीनंतर अवकाळी पाऊस झाला की पूर्व विदर्भातून नेहमीची छायाचित्रे येऊ लागतात. बांधीत पाणी साचलेले असते, त्यात कापलेल्या धानाच्या कडपा तरंगत असतात आणि बांधावर शेतकरी उभा असतो. त्यानंतर काही महिन्यांनी दुसरी बातमी येते. एकाच गावात, एकाच पावसात भिजलेल्या दोन शेतकऱ्यांपैकी एकाच्या खात्यात विम्याचे पैसे जमा झालेले असतात आणि दुसऱ्याचा दावा अपात्र ठरलेला असतो. वाचणाऱ्याला यात अन्यायाचा वास येतो आणि कधी कधी तो खराही असतो. मात्र पुष्कळदा फरक पडलेला असतो तो कागदावर नुकसान कसे मांडले गेले यामुळे.

हा लेख त्या कागदाविषयी, म्हणजे नुकसानीची सूचना दिल्यानंतर पुराव्यांच्या वर जोडायच्या पत्राविषयी आहे. उदाहरण धानाचे आणि २०२३ च्या खरिपाचे घेतले आहे. त्या वर्षी राज्यात एक रुपयात पीक विमा होता आणि नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात राज्याच्या अनेक भागांत अवकाळी पाऊस व गारपीट झाली होती. २०२५ च्या खरिपापासून महाराष्ट्रात नियम बदलले आहेत. त्या बदलाचा अर्थ शेवटी पाहू, कारण जुना नियम कळल्याशिवाय तो समजत नाही.

विमा पावसाचा नसतो

प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ च्या खरिपापासून सुरू झाली. तिचा पाया असा आहे की नुकसान एकेका शेताचे मोजले जात नाही, तर संपूर्ण महसूल मंडळाचे किंवा अधिसूचित क्षेत्राचे मोजले जाते. मंडळात काही ठिकाणी पीक कापणी प्रयोग होतात, त्यांतून सरासरी उत्पादन निघते आणि ते ठरलेल्या उंबरठ्याखाली गेले तर मंडळातल्या सर्व विमाधारकांना सारख्याच प्रमाणात भरपाई मिळते. तापमापक गावाच्या चौकात टांगावा आणि त्यावरून घरोघरच्या तापाचा अंदाज बांधावा, तसा हा प्रकार आहे. ज्याच्या घरात ताप जास्त आहे, त्याला तो अपुरा वाटणारच.

ही उणीव भरून काढण्यासाठी योजनेत काही जादा संरक्षणे ठेवलेली आहेत आणि त्यांत वैयक्तिक शेताची पाहणी होते. आपल्या विषयाशी त्यांतली दोन संबंधित आहेत. पहिले संरक्षण स्थानिक नैसर्गिक आपत्तीचे आहे. ते उभ्या पिकासाठी असते आणि त्यात गारपीट, भूस्खलन, ढगफुटी, शेत जलमय होणे व विजेमुळे लागलेली आग एवढीच कारणे येतात. दुसरे संरक्षण काढणीपश्चात नुकसानीचे आहे. ते पीक कापून शेतातच वाळत पसरलेले असताना लागू होते, कापणीपासून जास्तीत जास्त चौदा दिवसांपर्यंत असते आणि त्यात गारपीट, चक्रीवादळ, चक्रीवादळामुळे आलेला पाऊस व अवकाळी पाऊस ही कारणे येतात.

दोन्ही याद्या शेजारी ठेवून पाहिल्या की एक गोष्ट ध्यानात येते. 'अवकाळी पाऊस' हे कारण फक्त दुसऱ्या यादीत आहे. म्हणून उभ्या पिकाच्या दाव्यात कारण म्हणून 'अवकाळी पावसाने नुकसान' एवढेच लिहिणे म्हणजे या घराची किल्ली त्या घराच्या कुलपाला लावण्यासारखे आहे. उभ्या सोयाबीनमध्ये पाणी साचून राहिले असेल तर 'शेत जलमय झाले' हे शब्द हवेत, आणि पाणी किती वेळ व किती उंच साचले होते तेही हवे. उभ्या धानाची अडचण आणखी मोठी होती. २०१८ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनी धान, ऊस, ताग यांसारख्या पाणी सोसणाऱ्या पिकांना 'जलमय' या कारणातून वगळले. धानासाठी ते कारण २०२६ च्या खरिपापासून पुन्हा लागू करण्याचा निर्णय केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केला. म्हणजे २०२३ मध्ये एकाच बांधीतल्या कापलेल्या धानाला अवकाळी पावसापासून संरक्षण होते, तर शेजारच्या ओळीत त्याच पावसाने लोळलेल्या उभ्या धानाला ते नव्हते.

कडपा आणि पुंजणे यांतला फरक

भंडारा-गोंदियाकडे कापून बांधीत पसरलेल्या धानाला कडपा म्हणतात. कडपा दोन-चार दिवस वाळल्या की भारे बांधून मळणीपूर्वी एका जागी रचतात, त्या ढिगाला पुंजणे म्हणतात. कोकणात त्याच ढिगाला उडवी म्हणतात, आणि मराठवाड्यातली सोयाबीनची गंजी किंवा सुडी ही त्याच जातीची. शेतकऱ्याच्या दृष्टीने दोन्ही अवस्थांतले पीक सारखेच उघड्यावर असते. विम्याच्या दृष्टीने मात्र कडपा आणि वाळण्यासाठी शेतात ठेवलेल्या लहान पेंढ्या संरक्षणात येतात, तर मळणीपूर्वी एका ठिकाणी रचलेला मोठा ढीग येत नाही. यामागचे तर्कशास्त्र असे आहे की पसरलेले पीक झाकता येत नाही, पण ढिगावर ताडपत्री टाकता येते, म्हणून ढिगाचे नुकसान टाळता येण्याजोगे मानले जाते. रात्रीच्या वादळी पावसात ताडपत्री किती टिकते, हे ज्याने अनुभवले आहे त्याला हा तर्क पटणार नाही. परंतु पत्र लिहिताना वाद घालून उपयोग नाही, नियम माहीत असणे महत्त्वाचे.

याचा व्यवहारातला परिणाम मोठा आहे. पत्रात 'शेतातील कापलेला धान पूर्णपणे भिजला' असे मोघम लिहिले आणि सोबतच्या एका छायाचित्रात मागे पुंजणे दिसले, तर पाहणीला येणारा माणूस सगळे पीक ढिगातले समजू शकतो. म्हणून किती क्षेत्रातले पीक कडपांच्या अवस्थेत होते, किती उभे होते आणि किती रचलेले होते, हे तिन्ही आकडे पत्रात वेगवेगळे द्यावेत. जे संरक्षणात बसत नाही तेही लपवू नये, कारण ते शेतात दिसणारच असते आणि एका ठिकाणी लपवाछपवी सापडली की उरलेल्या आकड्यांवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

ॲपवर सगळे भरले, मग पत्र कशाला?

हा प्रश्न रास्त आहे. नुकसान झाल्यापासून ७२ तासांच्या आत सूचना देणे हे दाव्याचे प्रवेशद्वार आहे आणि ती सूचना क्रॉप इन्शुरन्स ॲपवर, विमा कंपनीच्या टोल-फ्री क्रमांकावर, बँकेत किंवा कृषी विभागाकडे देता येते. फेब्रुवारी २०२४ पासून त्यासाठी १४४४७ हा देशभरासाठी एकच क्रमांकही आहे. सरकारी मराठीत या सूचनेला 'पूर्वसूचना' म्हणतात. घटना घडून गेल्यावर दिलेल्या सूचनेला पूर्वसूचना का म्हणावे हे कोडेच आहे, पण तोच शब्द रूढ झाला आहे. सूचना नोंदली की डॉकेट क्रमांक मिळतो. तो जपून ठेवावा, कारण पुढचा सगळा पत्रव्यवहार त्याच क्रमांकावर चालतो.

मात्र ॲपवर घटनेचा प्रकार, तारीख, पिकाची अवस्था, नुकसानीची टक्केवारी आणि छायाचित्र एवढेच मावते. शिवाय धानाचे नुकसान पहिल्या ७२ तासांत पूर्ण दिसतही नाही. पाऊस थांबल्यावर दुसऱ्या दिवशी काढलेल्या छायाचित्रात केवळ ओल्या कडपा दिसतात. कोंब फुटलेले दाणे त्यानंतर दोन-चार दिवसांनी दिसू लागतात, तर काळवंडलेला दाणा व कुजलेली तणस आणखी पुढे. पूर्वसूचना म्हणजे दारावरची घंटा वाजवणे आहे, आणि आत गेल्यावर काय सांगायचे ते पत्रात असते. घंटा वेळेवर वाजवलीच पाहिजे, कोंब फुटण्याची वाट पाहत बसलो तर मुदत निघून जाते. पत्र त्यानंतर तीन-चार दिवसांनी गेले तरी चालते, मात्र पाहणी होण्यापूर्वी ते पोहोचावे. नियमाप्रमाणे सूचना मिळाल्यापासून ४८ तासांत पाहणी करणाऱ्याची नेमणूक आणि पुढच्या दहा दिवसांत पाहणी व्हायला हवी, त्यामुळे हाती असलेला वेळ फार नसतो.

तीन तारखांचा हिशेब

काढणीपश्चात दाव्याचा कणा तीन तारखांनी बनतो. त्या म्हणजे कापणीची तारीख, पावसाची तारीख आणि सूचनेची तारीख. पहिल्या दोन तारखांत चौदा दिवसांपेक्षा जास्त अंतर नको आणि शेवटच्या दोन तारखांत ७२ तासांपेक्षा जास्त नको. यांत सर्वांत दुर्लक्षित असते ती कापणीची तारीख, आणि तिचाच पुरावा सहसा कोणाकडे नसतो. हार्वेस्टरने कापणी केली तर पावती असते, परंतु कडपा पडतात त्या मुख्यतः विळ्याने कापलेल्या धानाच्या. तिथे मजुरी दिल्याची वहीतली नोंद, मजुरांच्या मुकादमाला फोनवरून पाठवलेली रक्कम, किंवा कापणी चालू असताना सहज काढलेले छायाचित्र हाच पुरावा ठरतो. वहीतले पान आपण काढून देतो म्हणून त्याला किंमत नाही असे समजू नये, कारण ते पान पत्रात सांगितलेल्या तारखेशी जुळते की नाही हेच पाहिले जाते.

पावसाच्या तारखेत एक बारीक खाच आहे आणि ती पुष्कळांना अडकवते. पर्जन्यमापनाची नोंद सकाळी साडेआठला घेतात आणि ती मागच्या चोवीस तासांची असते. २७ तारखेच्या संध्याकाळी पडलेला पाऊस सरकारी तक्त्यात २८ तारखेपुढे दिसतो. शेतकरी पत्रात २७ लिहितो, कंपनी २७ चा आकडा काढते, तिथे शून्य दिसते आणि पाऊसच झाला नव्हता असा निष्कर्ष निघतो. कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर मंडळनिहाय नोंद मिळते. तिची छापील प्रत जोडताना हा खुलासा पत्रातच एका वाक्यात करावा.

नमुन्यादाखल एक पत्र

भंडारा जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याचे उदाहरण कल्पू. त्याने १.२० हेक्टर धानाचा विमा उतरवला आहे. २४ नोव्हेंबरला ०.८० हेक्टर कापून कडपा पसरल्या, उरलेले ०.४० हेक्टर उभे आहे. २७ नोव्हेंबरच्या संध्याकाळी पाऊस झाला, २८ तारखेला सकाळी त्याने ॲपवर सूचना दिली आणि १ डिसेंबरला, म्हणजे कोंब दिसू लागल्यावर, पत्र लिहिले. रिकाम्या जागी त्याने आपले तपशील भरावेत.

> दिनांक : १ डिसेंबर २०२३
>
> प्रति,
> मा. जिल्हा व्यवस्थापक,
> (विमा कंपनीचे नाव), भंडारा
>
> विषय : खरीप २०२३, पीक धान. काढणीपश्चात नुकसानीच्या दाव्यासोबत सविस्तर माहिती व पुरावे सादर करण्याबाबत.
>
> संदर्भ : १) विमा अर्ज क्रमांक ........ २) डॉकेट क्रमांक ........, दि. २८ नोव्हेंबर २०२३, सकाळी १०.४०
>
> महोदय,
>
> मी मौजे ........, तालुका ........ येथील गट क्रमांक ........ मधील १.२० हेक्टर धान पिकाचा विमा वरील अर्जान्वये उतरवलेला आहे. त्यापैकी ०.८० हेक्टरवरील (पाच बांध्या) धानाची कापणी मी दि. २४ नोव्हेंबर २०२३ रोजी मजुरांकडून पूर्ण केली आणि कापलेले पीक वाळण्यासाठी त्याच बांध्यांत कडपांच्या स्वरूपात पसरून ठेवले होते. कोणतेही पीक पुंजण्यात रचलेले नव्हते. उर्वरित ०.४० हेक्टर पीक घटनेच्या दिवशी उभे होते आणि या दाव्यात त्याचा समावेश नाही.
>
> दि. २७ नोव्हेंबर रोजी सायंकाळी सुमारे सहा वाजल्यापासून रात्री उशिरापर्यंत अवकाळी पाऊस झाला. हा पाऊस सकाळी साडेआठच्या नोंदीच्या पद्धतीमुळे आमच्या मंडळाच्या तक्त्यात दि. २८ नोव्हेंबरपुढे दिसतो. खालच्या दोन बांध्यांत दि. २९ च्या दुपारपर्यंत पाणी साचून होते. बांध फोडून पाणी काढले आणि कडपा उलटवून वाळवण्याचा प्रयत्न केला, तरीही दि. ३० पासून दाण्यांना कोंब फुटू लागले.
>
> आज प्रत्येक बांधीत पाच ठिकाणच्या लोंब्या घेऊन बांधीमागे शंभर दाणे मोजले असता कोंब फुटलेले अथवा कुजलेले दाणे खालच्या दोन बांध्यांत ६२ व ५५, आणि वरच्या तीन बांध्यांत ३०, २८ व २५ आढळले. पाचही बांध्या साधारण सारख्या आकाराच्या असल्याने सरासरी नुकसान ४० टक्के असल्याचा माझा अंदाज आहे. पूर्वसूचना देताना ॲपवर ३० टक्के नुकसान नमूद केले होते. त्या वेळी कोंब फुटलेले नव्हते.
>
> आपल्या प्रतिनिधीने कृषी विभागाच्या अधिकाऱ्यांसह संयुक्त पाहणी करावी, ही विनंती. तोपर्यंत पाहणीसाठी प्रत्येक बांधीतील एक कोपरा मी न हलवता ठेवला आहे. उरलेले पीक अधिक खराब होऊ नये म्हणून दि. ५ डिसेंबरनंतर मळणी करावी लागेल, याची नोंद घ्यावी.
>
> सोबत : १) विमा पावती २) सातबारा उतारा व ई-पीक पाहणीची नोंद ३) पूर्वसूचनेची पोच ४) कापणीच्या मजुरीची नोंद, दि. २४ नोव्हेंबर ५) छायाचित्रे १ ते ६, दि. २८ नोव्हेंबर ६) छायाचित्रे ७ ते १२, दि. १ डिसेंबर ७) मंडळाची पर्जन्यनोंद ८) बांध्यांचा हातनकाशा
>
> आपला विश्वासू,
> (सही, नाव, मोबाइल क्रमांक)
>
> प्रत : तालुका कृषी अधिकारी, ........

या पत्रात 'अतोनात', 'होत्याचे नव्हते झाले', 'मायबाप सरकार' असे काही नाही, हे वाचकाच्या लक्षात आले असेल. दुःख खरे असले तरी वाचणाऱ्या कारकुनाला त्याची रकान्यात नोंद करता येत नाही. याउलट 'त्या वेळी कोंब फुटलेले नव्हते' हे साधे वाक्य ॲपवरचे ३० आणि पत्रातले ४० यांतली तफावत मिटवते. ते नसते तर त्या दोन आकड्यांवरच बोट ठेवले गेले असते. बांध फोडला, कडपा उलटवल्या हे सांगण्याचे कारणही भावनिक नाही. टाळता येण्याजोगे नुकसान विम्यात बसत नाही, म्हणून ते टाळण्याचा प्रयत्न केल्याचे नोंदवणे आवश्यक आहे.

छायाचित्रांविषयी थोडे सविस्तर सांगावे लागेल. जवळून काढलेले कोंबाचे छायाचित्र परिणामकारक दिसते, पण ते कोणत्या शेतातले आहे हे त्यावरून कळत नाही. म्हणून प्रत्येक बांधीची दोन छायाचित्रे हवीत. एकात विहीर, विजेचा खांब, झाड अशी ओळखीची खूण आणि संपूर्ण बांधी यावी, दुसऱ्यात त्याच बांधीतली लोंबी जवळून यावी. फोनमधील स्थाननोंद चालू ठेवावी आणि मूळ छायाचित्रे पुसू नयेत, कारण संदेशांतून पुढे पाठवलेल्या प्रतीत स्थान व वेळेची माहिती बहुधा गळून पडते. हातनकाशात बांध्यांना क्रमांक द्यावेत आणि तेच क्रमांक छायाचित्रांवर टाकावेत. मी पाहिलेल्या पुष्कळ दाव्यांत छायाचित्रे तीस-चाळीस असत आणि त्यांतले एकही कोणत्या बांधीचे आहे हे खुद्द शेतकऱ्यालाही महिन्याभराने सांगता येत नसे.

ई-पीक पाहणीची नोंदही जुळवून पाहावी. विम्यात धान आणि पाहणीत दुसरेच पीक, किंवा विम्यातले क्षेत्र सातबाऱ्यावरच्या क्षेत्राहून जास्त, अशी विसंगती असेल तर पत्र कितीही चांगले असले तरी दावा तिथेच अडतो.

टक्केवारी वाढवून लिहिली तर जास्त मिळेल का?

नाही. पत्रातली टक्केवारी हा शेतकऱ्याचा अंदाज असतो. भरपाई ठरते ती विमा कंपनीचा प्रतिनिधी, कृषी विभागाचा अधिकारी आणि शेतकरी यांच्या संयुक्त पाहणीत नोंदलेल्या टक्केवारीवर. पत्रातला आकडा कसा काढला हे लिहिलेले असेल तर पाहणी करणारा तीच मोजणी त्याच कोपऱ्यात करून पाहू शकतो आणि चर्चा आकड्यांवर होते. नुसते '१०० टक्के नुकसान' लिहिले, तर वरच्या बांधीत कोरडा दाणा दिसताच तो पत्र बाजूला ठेवतो आणि नजरेने अंदाज बांधतो. नजरेचा अंदाज बहुधा कमीच भरतो.

आपल्या उदाहरणात हेक्टरी विमा संरक्षित रक्कम ५०,००० रुपये धरू. हा आकडा हिशेबापुरता आहे, खरा आकडा विमा पावतीवर असतो. बाधित क्षेत्र ०.८० हेक्टर, म्हणून त्याचे संरक्षण ४०,००० रुपये, आणि पाहणीतही ४० टक्के नुकसान निघाले तर भरपाई १६,००० रुपये. विमा १.२० हेक्टरचा असला तरी गुणाकार ०.८० ने होतो. हंगामाच्या शेवटी मंडळाच्या सरासरी उत्पादनावरून याहून जास्त भरपाई निघाली, तर फरकाची रक्कम मिळते. दोन्ही पूर्ण रकमा मिळत नाहीत. आणखी एक मर्यादा अशी की योजना उत्पादनातील घट मोजते, भावातील घट मोजत नाही. आधारभूत किमतीच्या खरेदीत खराब, रंग बदललेल्या व कोंब फुटलेल्या दाण्यांची मर्यादा ५ टक्के आणि ओलाव्याची १७ टक्के असते, त्यामुळे भिजलेला धान खरेदी केंद्रावर नाकारला जाऊन व्यापाऱ्याला पडेल भावाने विकावा लागतो. ते नुकसान खरे असते, परंतु पत्रात रुपयांतला तोटा लिहून ते विम्यातून मिळत नाही. खरेदी केंद्राने धान नाकारल्याचा कागद मिळाला तर तो जोडावा, मात्र दाणा खराब झाल्याचा पुरावा म्हणून.

आणि पाऊस सार्वत्रिक असेल तर? विमा क्षेत्रातील पिकाच्या २५ टक्क्यांहून अधिक क्षेत्र बाधित झाल्यास शेत-शेत पाहणी न करता नमुना पाहणी होते आणि तिची सरासरी लागते. अशा वेळी खालच्या बांधीवाल्याचे ६२ टक्के सरासरीत विरघळतात. तुमच्या शेतावर कोणी फिरकले नाही, यामागे कधी कधी हे कारण असते.

पाहणीला कोणी आलेच नाही, किंवा कोऱ्या अर्जावर सही मागितली तर?

दहा दिवस उलटून गेले तर डॉकेट क्रमांक देऊन तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करावी. त्यापुढे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हास्तरीय तक्रार निवारण समिती असते. इथे पत्राचा दुसरा उपयोग कळतो. पोच घेतलेले पत्र हातात असेल तर समितीपुढे निदान शेतकऱ्याची बाजू लिखित आणि तारखेसह असते. पत्र प्रत्यक्ष देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्यावा किंवा स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपावी. पाहणीच्या अर्जावर सही करण्यापूर्वी बाधित क्षेत्र आणि टक्केवारी हे दोन रकाने भरलेले आहेत ना, हे पाहावे आणि अर्जाचे छायाचित्र काढून ठेवावे. टक्केवारी पेन्सिलने भरली असेल तर शाईने भरण्याचा आग्रह धरण्यात कसलाही उद्धटपणा नाही.

२०२५ नंतर काय बदलले

२०२५ च्या खरिपापासून महाराष्ट्राने एक रुपयाचा विमा बंद केला. शेतकऱ्याचा हप्ता खरिपाला विमा संरक्षित रकमेच्या २ टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी पिकांना ५ टक्क्यांपर्यंत, असा मूळ योजनेप्रमाणे झाला. त्याच वेळी पेरणी न होणे, हंगामातील प्रतिकूल परिस्थिती, स्थानिक आपत्ती आणि काढणीपश्चात नुकसान ही चार संरक्षणे वगळून भरपाई केवळ पीक कापणी प्रयोगांवर ठेवली.

आता वरचे उदाहरण पुन्हा आठवा. पीक कापणी प्रयोग उभ्या पिकावर होतो. मंडळात प्रयोग झाले, उत्पादन चांगले भरले आणि त्यानंतर कापलेल्या कडपा भिजल्या, तर त्या प्रयोगाच्या आकड्यात त्या पावसाचा मागमूसही राहत नाही. उभ्या पिकावर पाऊस पडला असता तर निदान सरासरीत तो उतरला असता. म्हणजे हे नुकसान राज्याच्या सध्याच्या रचनेत दोन्ही चाळण्यांमधून खाली पडते, आणि अशा नुकसानीसाठी विमा कंपनीला लिहिलेले पत्र, ते कितीही नेटके असले तरी, उत्तराविना परत येईल. दर हंगामाच्या शासन निर्णयात कोणती संरक्षणे आहेत हे म्हणूनच विमा भरतानाच पाहावे. सीमेपलीकडच्या राज्यांत शेती असलेल्या मराठी शेतकऱ्यांनी त्या राज्याची अधिसूचना पाहावी, कारण जादा संरक्षणे घ्यायची की नाही हे प्रत्येक राज्य ठरवते.

महाराष्ट्रात अशा वेळी उरते ती महसूल विभागाची मदत. अवकाळी पावसाला राज्याने स्वतःची आपत्ती मानलेले आहे आणि ३३ टक्के किंवा त्याहून अधिक नुकसान असल्यास, शासनाने आदेश दिल्यावर पंचनामे होतात. ती मदत विम्याचा दावा नव्हे. तिला हप्ता लागत नाही, रक्कम हेक्टरी ठरलेल्या दराने मिळते आणि ती खर्चाच्या मानाने तुटपुंजी असते. तिच्यासाठी लिहायचा अर्ज तहसीलदारांच्या नावे, तलाठी व कृषी सहायकांना प्रत देऊन करावा. डॉकेट क्रमांकाचा संदर्भ आणि चौदा दिवसांचा हिशेब त्यातून वगळावा. गट क्रमांक, क्षेत्र, बांधीवार मोजणी, छायाचित्रांचे क्रमांक आणि पर्जन्यनोंदीचा तो एका वाक्याचा खुलासा मात्र तसाच ठेवावा. मोजणीत ३३ चा आकडा पार होतो का, हे पंचनाम्याला लोक येण्यापूर्वी स्वतः पाहून ठेवावे. आपल्या उदाहरणात पाचही बांध्यांची सरासरी ४० आहे. वरच्या तीन बांध्यांचीच मोजणी झाली तर ती २८ च्या खाली येते, म्हणून पंचनाम्याच्या दिवशी खालच्या बांध्यांपर्यंत चालत नेण्यासाठी शेतावर हजर राहावे.